गुणांवरून श्रेणी : वाचता येईल असा फॉर्म्युला

महाराष्ट्रात २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय निघाला आणि पहिली ते आठवीच्या प्रगतिपत्रकावर गुणांच्या जागी श्रेणी आल्या. ९१ ते १०० गुणांना अ-१, ८१ ते ९० ला अ-२, ७१ ते ८० ला ब-१, ६१ ते ७० ला ब-२, ५१ ते ६० ला क-१, ४१ ते ५० ला क-२. त्याखाली ३३ ते ४० ला ड, २१ ते ३२ ला इ-१ आणि २० किंवा त्याहून कमी असतील तर इ-२. एकूण नऊ श्रेणी. शिक्षकांना हा तक्ता तोंडपाठ असतो. एखादा नवीन माणूसही दोन मिनिटांत तो समजून घेतो, कारण तो वरून खाली एकेक ओळ वाचता येतो.

हाच तक्ता एक्सेलच्या एका सेलमध्ये शिरला की मात्र तो ओळखू येईनासा होतो. निकालाच्या दिवसांत शाळांमधून फिरणाऱ्या फाइली उघडून पाहिल्या तर श्रेणीच्या रकान्यात तीन ओळी लांब, शेवटी कंसांची रांग असलेला फॉर्म्युला सापडतो. तो कुणी लिहिला हे कुणाला आठवत नसतं. उत्तरं बरोबर येतात असं सगळे धरून चालतात आणि म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. दरवर्षी तीच फाइल पुढच्या वर्गशिक्षकाकडे जाते.

माझं म्हणणं एवढंच आहे की श्रेणीचा फॉर्म्युला तक्त्यासारखा दिसला पाहिजे. शासनाच्या तक्त्यात ज्या क्रमाने नऊ ओळी आहेत, त्याच क्रमाने फॉर्म्युल्यात नऊ ओळी दिसल्या, तर ज्याला एक्सेल फारसं येत नाही असा मुख्याध्यापकही दोन्ही शेजारी ठेवून पडताळू शकतो. एक्सेलमध्ये हे काम करायला तीन फंक्शनं नेहमी वापरली जातात. एकात एक बसवलेले IF, नंतर आलेलं IFS आणि त्याच्याच सोबत आलेलं SWITCH. तिन्हींतून उत्तर सारखंच काढता येतं. फरक पडतो तो दुसऱ्या माणसाला वाचताना आणि पुढच्या वर्षी बदल करताना.

सर्वांत जुना प्रकार आधी पाहू. IF ला तीन गोष्टी लागतात : एक अट, अट खरी असेल तर काय लिहायचं आणि खोटी असेल तर काय लिहायचं. उत्तरं दोनच असतील, म्हणजे उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण, तर IF इतकं सोपं दुसरं काही नाही. उत्तरं नऊ असली की ‘खोटी असेल तर’च्या जागी दुसरा IF बसवावा लागतो, त्याच्या त्याच जागी तिसरा, असं करत आठ IF लागतात. गुण C2 या सेलमध्ये आहेत असं समजा.

```
=IF(C2>=91,"अ-१",IF(C2>=81,"अ-२",IF(C2>=71,"ब-१",
IF(C2>=61,"ब-२",IF(C2>=51,"क-१",IF(C2>=41,"क-२",
IF(C2>=33,"ड",IF(C2>=21,"इ-१","इ-२"))))))))
```

यात प्रत्येक श्रेणीची खालची सीमाच लिहिली आहे, वरची नाही. तशी गरजही नाही. एक्सेल डावीकडून एकेक अट तपासतं आणि जी पहिली खरी ठरते तिथे थांबतं. ८५ गुण असतील तर ‘९१ किंवा जास्त’ ही अट खोटी ठरते, ‘८१ किंवा जास्त’ ही खरी ठरते आणि अ-२ लिहून काम संपतं. दुसऱ्या अटीपर्यंत पोचलेला आकडा ९१ पेक्षा कमी आहे, हे तिथे पोचण्यातच आलं. म्हणून क्रम महत्त्वाचा. हाच फॉर्म्युला कुणी खालून वर लिहिला, म्हणजे आधी २१, मग ३३, मग ४१, तर २१ च्या वरचा प्रत्येक विद्यार्थी पहिल्याच अटीला अडकतो आणि सगळ्या वर्गाला इ-१ मिळते. ही चूक मोठी असली तरी लगेच दिसते. हुशार मुलं एकदम तळाला गेली की कुणाच्याही लक्षात येतं.

ज्या चुका दिसत नाहीत त्या जास्त त्रास देतात. त्यातली एक फार सर्रास होते. तक्त्यात ‘८१ ते ९०’ असं छापलेलं असतं, म्हणून पुष्कळ जण फॉर्म्युल्यातही दोन्ही सीमा लिहितात : `AND(C2>=81,C2<=90)`. वाचायला हे अधिक स्पष्ट वाटतं आणि पूर्ण गुणांना बरोबरही चालतं. आता एका विद्यार्थ्याचं उदाहरण घ्या. आठ विषय, प्रत्येकी १०० गुण, ८०० पैकी ७२४ मिळाले. सरासरी ९०.५. हा आकडा ९१ च्या वर नाही, म्हणून अ-१ ची अट खोटी. ९० च्या आतही नाही, म्हणून अ-२ ची अटही खोटी. त्यापुढच्या सगळ्या अटी तर खोट्याच ठरणार. आकडा घसरत घसरत शेवटच्या IF च्या ‘नाहीतर’मध्ये जाऊन पडतो आणि वर्गातल्या पहिल्या पाचांतल्या मुलीला इ-२ मिळते. सगळीकडे पूर्ण गुण असताना फॉर्म्युला दोन-तीन वर्षं बिनचूक चालतो, आणि ज्या वर्षी अशी एखादी सरासरी येते त्या वर्षी प्रगतिपत्रक घरी गेल्यावर पालक शाळेत येतात.

तेव्हा वरची सीमा लिहायचीच नाही, हा पहिला नियम. पण ९०.५ चा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. फक्त खालच्या सीमा असलेल्या फॉर्म्युल्यात ९०.५ ला अ-२ मिळेल. त्याच वेळी रकाना अपूर्णांक न दाखवण्यासाठी सजवलेला असेल, तर पडद्यावर आणि छापील कागदावर ९१ दिसेल. शेजारी अ-२. पालक विचारणार की ९१ ला अ-१ असताना माझ्या मुलीला अ-२ का, आणि त्यांचं बरोबर आहे. सेलची सजावट आकडा फक्त दाखवताना गोल करते, आतला आकडा ९०.५ च राहतो आणि फॉर्म्युला आतला आकडा वाचतो. अपूर्णांक पूर्ण करायचा की नाही हे शाळेत आधी ठरलं पाहिजे. पूर्ण करायचा असं ठरलं तर ते काम गुणांच्या रकान्यातच करावं : `=ROUND(724/8,0)` लिहिलं की सेलमध्ये खरोखर ९१ येतात, दिसतात तेवढेच असतात आणि श्रेणीही अ-१ येते. श्रेणीच्या फॉर्म्युल्यात आठ ठिकाणी ROUND घुसडणं म्हणजे आधीच अवघड असलेलं वाचन आणखी अवघड करणं.

आता IFS. हे फंक्शन एक्सेल २०१९ मध्ये आणि ऑफिसच्या वर्गणीच्या आवृत्तीत मिळतं, गूगल शीट्समध्ये आहे आणि लिबरऑफिसमध्येही आहे. त्याची मांडणी साधी : अट, उत्तर, अट, उत्तर, अशा जोड्या एकामागून एक. पहिली खरी अट सापडली की तिचं उत्तर.

```
=IFS(
C2>=91,"अ-१",
C2>=81,"अ-२",
C2>=71,"ब-१",
C2>=61,"ब-२",
C2>=51,"क-१",
C2>=41,"क-२",
C2>=33,"ड",
C2>=21,"इ-१",
C2>=0,"इ-२")
```

शासन निर्णयातला तक्ता शेजारी धरा. ओळीला ओळ जुळते. एकच कंस उघडतो, एकच मिटतो. ब-१ ची सीमा शोधायची तर डोळा सरळ ब-१ च्या ओळीवर जातो. तिच्या आधी किती IF उघडले आणि पुढे किती मिटायचे आहेत हे मनात धरावं लागत नाही. ओळी तोडण्यासाठी फॉर्म्युला बारमध्ये Alt आणि Enter एकत्र दाबायचं. एक्सेल त्या ओळी मोजणीत धरत नाही, त्या फक्त वाचणाऱ्यासाठी असतात. बार अरुंद असेल तर Ctrl, Shift आणि U एकत्र दाबून तो उंच करता येतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ओळी तोडण्याची सोय IF ला सुद्धा आहे. जुना फॉर्म्युला घेऊन प्रत्येक IF नव्या ओळीवर टाकला, तर तोही नऊ ओळींचा तक्ता दिसू लागतो, आणि एका लांबलचक ओळीत कोंबलेल्या IFS पेक्षा असा मोकळा लिहिलेला IF नक्कीच वाचनीय असतो. निम्मी सुधारणा फंक्शन न बदलता, केवळ Enter ने होते. पण मग IFS चा फायदा नेमका कुठे उरतो? तो बदल करताना उरतो.

समजा गैरहजर विद्यार्थ्यासाठी ‘गै.ह.’ असा शेरा द्यायचा आहे. हा बदल ऐच्छिक वाटेल, पण तो केला नाही तर काय होतं ते पाहण्यासारखं आहे. एक्सेल तुलना करताना कोणताही मजकूर कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा मानतं. हा त्याचा ठरलेला क्रम आहे : आधी आकडे, मग मजकूर. त्यामुळे गुणांच्या सेलमध्ये ‘गै.ह.’ लिहिलं असेल, तर `C2>=91` ही अट खरी ठरते. परीक्षेला न बसलेल्या विद्यार्थ्याला अ-१ मिळते, आणि तीही कोणतीही लाल खूण किंवा सूचना न येता. हेच संकट आणखी चोरपावलांनी येतं, ते दुसरीकडून चिकटवलेल्या आकड्यांमुळे. ४५ हा आकडा मजकूर म्हणून साठवला गेला असेल, तर दिसतो ४५ आणि श्रेणी अ-१ येते. सेलच्या डाव्या कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण बहुधा दिसतो आणि आकडा उजवीकडे न सरकता डावीकडे चिकटलेला असतो, तेवढीच खूण. रिकाम्या सेलची गोष्ट उलट. तिला एक्सेल शून्य धरतं, म्हणून ज्या मुलाचे गुण भरायचे राहिले आहेत त्याच्या नावापुढे इ-२ उमटते. टंकलेखनात ९१ चे ९१० झाले तर त्यालाही मुकाट्याने अ-१.

या सगळ्यांना तक्त्याच्या वरच अडवावं लागतं. IFS मध्ये ते असं होतं :

```
=IFS(
C2="","",
C2="गै.ह.","गै.ह.",
NOT(ISNUMBER(C2)),"तपासा",
C2>100,"तपासा",
C2>=91,"अ-१",
C2>=81,"अ-२",
```

पुढच्या ओळी पहिल्यासारख्याच. चार ओळी वर घातल्या, खाली कशालाही हात लावला नाही. पहिली ओळ रिकाम्या सेलला रिकामंच ठेवते. दुसरी गैरहजराला त्याचा शेरा देते. तिसरी म्हणते, आकडा नसलेलं दुसरं काहीही असेल तर माणसाने येऊन पाहावं. चौथी शंभराच्या वरचे गुण पकडते. यांचाही क्रम चुकवून चालणार नाही, ‘गै.ह.’ची ओळ तिसऱ्या ओळीच्या खाली गेली तर गैरहजर मुलापुढेही ‘तपासा’ येईल, कारण ‘गै.ह.’ हा आकडा नाही.

हाच बदल आठ IF च्या फॉर्म्युल्यात करून पाहा. सुरुवातीला चार IF लिहायचे आणि शेवटी जाऊन चार कंस वाढवायचे. म्हणजे एका बदलासाठी फॉर्म्युल्याच्या दोन टोकांना हात लावावा लागतो. आठाचे बारा कंस झाले आणि एखादा कमी पडला, तर एक्सेल कधी स्वतःच कंस सुचवतं. तो स्वीकारायचा की नाही हे ठरवण्यासाठी पुन्हा सगळं मोजावं लागतं. मधल्याच एखाद्या ओळीत कंस चुकून आधी मिटला, तर खालच्या अटी त्या IF च्या बाहेर पडतात आणि एक्सेल फॉर्म्युला घ्यायलाच नकार देतं. बिघाड कोणत्या ओळीत आहे ते मात्र शोधावंच लागतं. एक्सेल २००३ पर्यंत एकात एक सातच पातळ्या चालायच्या. २००७ पासून ही मर्यादा ६४ झाली. मर्यादा वाढली, पण बारा कंस मोजण्याची माणसाची ताकद वाढली नाही.

IFS च्या शेवटच्या ओळीबद्दल दोन मतं आहेत. बरेच जण `C2>=0` ऐवजी `TRUE,"इ-२"` लिहितात. TRUE ही अट नेहमीच खरी, म्हणून वरच्या कोणत्याही ओळीत न बसलेलं सगळं तिथे जमा होतं. ‘बाकी सर्वांना’ असा तिचा अर्थ. IFS मध्ये वेगळं ‘नाहीतर’ नसल्यामुळे ही युक्ती लागते. ती नसेल आणि एकही अट खरी ठरली नाही तर सेलमध्ये #N/A येतो. मला स्वतःला श्रेणीच्या कामात TRUE नको वाटतो. नऊच्या नऊ श्रेणींच्या सीमा आपल्याला माहीत आहेत. त्यांच्याबाहेरचं काही आलं तर ते इ-२ नाही, ती चूक आहे, आणि ती चूक म्हणूनच दिसली पाहिजे. वर सांगितलेलं ९०.५ चं उदाहरण आठवा. दोन्ही सीमा लिहिलेल्या IFS मध्ये शेवटी TRUE असेल तर त्या मुलीला इ-२ मिळते. शेवटी `C2>=0` आणि `C2<=20` असेल तर #N/A येतो. #N/A दिसायला कुरूप आहे, पण तो छापण्याआधी नजरेत भरतो. चुकीची इ-२ नजरेत भरत नाही.

तिसरा प्रकार SWITCH. याच्याबद्दल गैरसमज जास्त आहेत. SWITCH ला आधी एक किंमत द्यायची, मग पुढच्या प्रत्येक जोडीतल्या किमतीशी ते तिची बरोबरी तपासतं. तंतोतंत जुळली तर त्या जोडीचं उत्तर, काहीच जुळलं नाही तर अगदी शेवटी लिहिलेलं उत्तर. ‘पेक्षा मोठं’, ‘पेक्षा लहान’ याला थेट समजत नाही. म्हणजे श्रेणीसाठी ते जात्याच गैरसोयीचं आहे. तरीही लोक ते दोन युक्त्यांनी वापरतात.

पहिली युक्ती म्हणजे किमतीच्या जागी TRUE लिहिणं.

```
=SWITCH(TRUE,
C2>=91,"अ-१",
C2>=81,"अ-२",
C2>=71,"ब-१",
```

असं खालीपर्यंत आणि शेवटी नुसतं `"इ-२")`. इथे SWITCH असं विचारतं की पुढच्यांपैकी कोणती गोष्ट TRUE शी बरोबर आहे. जी अट खरी ठरते ती TRUE असते, म्हणून ती जुळते. उत्तर IFS सारखंच येतं, ओळीही तेवढ्याच. पण वाचणाऱ्याला एक उलटी उडी मारावी लागते. ‘गुण कुठे बसतात?’ हा साधा प्रश्न ‘TRUE कशाशी जुळतो?’ असा होतो. ज्याने ही युक्ती पूर्वी पाहिली आहे त्याला अडचण नाही. ज्याने पाहिली नाही तो पहिल्याच शब्दावर अडखळतो, आणि आपली फाइल पुढे कुणाच्या हातात जाईल हे आपल्याला माहीत नसतं. IFS उपलब्ध असताना हा प्रकार का निवडावा याचं पटेल असं कारण मला सापडलेलं नाही.

दुसरी युक्ती अधिक मोहात पाडणारी आहे. श्रेणी दहा-दहा गुणांच्या आहेत हे पाहून कुणीतरी गुणांतून एक वजा करतो, दहाने भागतो आणि पूर्णांक ठेवतो. ९१ ते १०० चे ९ होतात, ८१ ते ९० चे ८, वगैरे. मग तुलनेची गरजच उरत नाही.

```
=SWITCH(INT((C2-1)/10),
9,"अ-१",8,"अ-२",7,"ब-१",6,"ब-२",
5,"क-१",4,"क-२",3,"ड",2,"इ-१","इ-२")
```

किती आटोपशीर! १०० घालून पाहा, अ-१. ९० घाला, अ-२. ७१, ७०, ४१, ४० सगळं बरोबर. आता ३२ घाला. एक वजा करून ३१, दहाने भागून ३.१, पूर्णांक ३, श्रेणी ड. तक्त्यात ३२ ला इ-१ आहे. ३१ चंही तसंच. ड ची सीमा ३१ वर नसून ३३ वर आहे, आणि सगळा तक्ता दहाच्या पटीत असताना फक्त ती एक सीमा दोन गुणांनी सरकलेली आहे. चाळीस मुलांच्या वर्गात ३१ किंवा ३२ गुणांचं एखादंच मूल असेल, कदाचित नसेलही. म्हणून ही चूक अनेक निकालांत सापडणार नाही. सापडेल तेव्हाही फॉर्म्युला वाचून कळणार नाही, कारण त्यात ३३ हा आकडा कुठेच नाही. लिहिणाऱ्याने तक्ता हिशेबात गुंडाळून टाकला आहे. मला हा फॉर्म्युला तिन्हींत सर्वांत अवघड वाटतो तो याच कारणाने : तो सर्वांत लहान आहे, पण तक्त्याशी ताडून पाहता येत नाही.

याचा अर्थ SWITCH कुचकामी आहे असं नाही. जिथे किमती मोजक्या आणि तंतोतंत असतात तिथे ते इतरांपेक्षा सरस आहे, आणि असं एक ठिकाण याच निकालपत्रकात आहे. त्याच मूल्यमापन पद्धतीत आकारिक आणि संकलित मूल्यमापनाचा भारांश इयत्तेनुसार बदलतो. पहिली-दुसरीला आकारिक ७० टक्के, तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला ५०, सातवी-आठवीला ४०; उरलेले संकलितचे. A2 मध्ये इयत्ता असेल तर :

```
=SWITCH(A2,
1,70, 2,70,
3,60, 4,60,
5,50, 6,50,
7,40, 8,40,
"तपासा")
```

इथे ‘पेक्षा मोठं’चा प्रश्नच नाही. इयत्ता तिसरी असते किंवा नसते, सव्वातीन नसते. A2 एकदाच लिहावं लागलं. IFS मध्ये ते आठ वेळा लिहावं लागलं असतं, आणि तेवढ्या वेळा लिहिताना एखादं A2 चं A3 होण्याची शक्यता असते. शिवाय SWITCH मध्ये शेवटचं ‘नाहीतर’ आपोआप आहे, त्याला TRUE ची कसरत लागत नाही. हा फॉर्म्युला डोळ्यांनी वाचला की शासन निर्णयातल्या भारांशाच्या ओळी समोर येतात. पट्ट्यांसाठी IFS आणि नेमक्या किमतींसाठी SWITCH, अशी वाटणी केली की दोन्ही आपापल्या जागी बरोबर बसतात.

कोणताही प्रकार निवडा, तो वर्गावर लावण्याआधी एका कोऱ्या पानावर सीमा तपासून घ्याव्यात. एका रकान्यात प्रत्येक श्रेणीची खालची सीमा आणि तिच्या अगदी खालचा आकडा लिहायचा : ९१ आणि ९०, ८१ आणि ८०, तसं ३३ आणि ३२, २१ आणि २० पर्यंत. त्याखाली १००, ०, ९०.५, ९१०, एक रिकामी सेल, ‘गै.ह.’ आणि मजकूर म्हणून लिहिलेले ४५. ते लिहायला आकड्याच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह द्यायचं. शेजारी हाताने अपेक्षित श्रेणी लिहायची आणि त्याच्या शेजारी फॉर्म्युला ओढायचा. मधले आकडे, ८५ किंवा ६७, तपासून काही कळत नाही. चुका नेहमी सीमेवर असतात. ७५ ला ब-१ मिळाली म्हणून खूश होऊन फाइल पुढे पाठवणं ही फार नेहमीची गोष्ट आहे.

निकाल लागल्यावर आणखी एक पडताळा सहज होतो. श्रेणीनिहाय गोषवारा आपण करतोच. `=COUNTIF(D2:D41,"अ-१")` अशा नऊ मोजण्या, त्यात ‘गै.ह.’ची एक मिळवून बेरीज वर्गाच्या पटाएवढी आली पाहिजे. कमी आली तर कुठेतरी ‘तपासा’, #N/A किंवा रिकामी सेल आहे. कधी कारण वेगळंच निघतं : एका शिक्षकाने श्रेणी ‘अ-१’ अशी लिहिली, दुसऱ्याने ‘अ १’ अशी किंवा इंग्रजी आकडा वापरून. माणसाला तिन्ही एकच वाटतात, COUNTIF ला वाटत नाहीत. म्हणून श्रेणी हाताने टाइप करायच्या नाहीत, सगळ्या त्या एकाच फॉर्म्युल्यातून याव्यात.

IFS ला एक खरी मर्यादा आहे आणि ती शाळांच्या बाबतीत लहान नाही. एक्सेल २०१६ ची एकदाच विकत घेतलेली आवृत्ती आणि त्याआधीच्या सगळ्या आवृत्त्यांना IFS आणि SWITCH ही दोन्ही फंक्शनं माहीत नाहीत. नव्या संगणकावर केलेली फाइल शाळेच्या जुन्या संगणकावर उघडली तर सुरुवातीला सगळं ठीक दिसतं, कारण आधी काढून ठेवलेली उत्तरं फाइलमध्ये साठवलेली असतात. सेलवर क्लिक केलं तर फॉर्म्युला बारमध्ये `_xlfn.IFS` असं काहीतरी दिसतं. एखाद्या मुलाचे गुण दुरुस्त केले की त्याची श्रेणी नव्याने काढायचा प्रयत्न होतो आणि तिथे #NAME? उमटतं. म्हणजे बिघाड कळतो तो नेमका शेवटच्या दुरुस्तीच्या वेळी. फाइल कोणत्या संगणकांवर उघडली जाणार याची खात्री नसेल, तर आठ IF चा जुना फॉर्म्युलाच वापरावा, मात्र प्रत्येक IF नव्या ओळीवर, फक्त खालच्या सीमांसह, आणि वरच्या चार तपासण्या त्यात घालून. तो एक्सेल २००७ पासूनच्या सगळ्या आवृत्त्यांत चालतो, आणि तसा मोकळा लिहिला की वाचताही येतो.

सीमाच बदलत्या असतील, एका शाळेत पूर्वप्राथमिकला एक तक्ता, आठवीपर्यंत दुसरा आणि वरच्या वर्गांना तिसरा असेल, तर तिन्हींपैकी काहीच पुरेसं नाही. तेव्हा तक्ता फॉर्म्युल्यातून बाहेर काढून पानावरच मांडावा : एका रकान्यात खालच्या सीमा चढत्या क्रमाने, ०, २१, ३३, ४१ असं ९१ पर्यंत, शेजारच्या रकान्यात श्रेणी, आणि श्रेणीसाठी `=LOOKUP(C2,$H$2:$H$10,$I$2:$I$10)`. डॉलरची चिन्हं यासाठी की फॉर्म्युला खाली ओढला तरी तक्ता जागचा हलत नाही. सीमा बदलली तर तक्त्यातला आकडा बदलायचा, फॉर्म्युल्याला हात लागत नाही. चढता क्रम मोडला तर मात्र LOOKUP काहीच तक्रार न करता चुकीची उत्तरं देतं, तेव्हा तक्त्यात नवी ओळ घालताना ती तिच्या जागीच घालावी लागते, शेवटी जोडून चालत नाही.